बुडायचं तर सगळ्यांनी मिळून

कैद्यांचं हे कोडं माझ्या भाचीनं मला सांगितलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला पकडून तेच ऐकवतोय. शेजारच्या काकांना ऐकवून झालं, दूधवाल्यालाही निम्मं ऐकवलं, आता तुमची पाळी.

एका तुरुंगात १०० कैदी आहेत, प्रत्येकाला १ ते १०० मधला एकेक क्रमांक. एका खोलीत १०० बंद पेट्या ओळीनं मांडल्यात, त्यांच्यावरही बाहेरून १ ते १०० आकडे. आत प्रत्येकी एक चिठ्ठी, तिच्यावरही १ ते १०० मधलाच आकडा, पण चिठ्ठ्या पिसून, कशाही घातलेल्या. एकेका कैद्यानं आत जायचं, फार तर ५० पेट्या उघडायच्या आणि आपल्या क्रमांकाची चिठ्ठी शोधायची. बाहेर पडताना सगळं होतं तसं झाकून ठेवायचं. आत काय दिसलं ते पुढच्याला सांगायचं नाही, खूण करायची नाही, खोकायचंसुद्धा नाही. शंभरच्या शंभर जणांना आपापली चिठ्ठी मिळाली तर सगळे सुटले. एकालाही नाही मिळाली, तर सगळे फासावर. खेळ सुरू होण्याआधी काय ठरवायचं ते सगळ्यांनी बसून ठरवावं, तेवढी मुभा आहे.

मी म्हटलं, यात ठरवायचंय काय? प्रत्येकाची शक्यता निम्मी. दोघांना मिळायची पाव, तिघांना एक अष्टमांश, आणि असं शंभर वेळा निम्मं करत गेलं की दशांशचिन्हानंतर तीस शून्यं येतात, मग कुठे ८ च्या जवळचा आकडा उगवतो. विश्व जन्मल्यापासून, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षं, दर सेकंदाला एकदा हा खेळ खेळत बसलो, तरी एकदा जिंकायची आशा धरायला तशी तीन लाख कोटी विश्वं लागतील. थोडक्यात, दोर वळायला घ्या.

"मामा," भाची म्हणाली, "एकतीस टक्के."

कसले एकतीस टक्के? तर सगळेच्या सगळे सुटायची शक्यता ३१ टक्क्यांहून थोडी जास्त. तीनदा खेळलं तर जवळजवळ एकदा शंभरही जण घरी! एकमेकांशी चकार शब्द न बोलता! मी तिला सरळ वेड्यात काढलं. मग तिनं युक्ती सांगितली आणि ती एका वाक्यात संपली: आत गेल्यावर आधी आपल्याच क्रमांकाची पेटी उघडायची, आत जो आकडा निघेल त्या क्रमांकाची पेटी मग उघडायची, तिच्यात जो निघेल त्याची त्यानंतर, आणि आपली चिठ्ठी हाती लागेपर्यंत असंच जात राहायचं.

एवढंच? एवढंच.

रिकाम्या काडेपेट्या देवघरात आणि गॅसजवळ मिळून बऱ्याच निघाल्या. दहा घेतल्या, वर आकडे टाकले, चिठ्ठ्या पिसून आत सरकवल्या. दहा पेट्या म्हणजे प्रत्येकाला पाच उघडायची परवानगी. निघालं ते असं: १ मध्ये ७, ७ मध्ये ४, ४ मध्ये १. म्हणजे पहिल्या कैद्यानं १ उघडली, ७ दिसला; ७ उघडली, ४ दिसला; ४ उघडली आणि आत त्याचाच १. तीन पेट्यांत काम फत्ते. आता मजा बघा, सातव्या कैद्यालाही याच तीन पेट्या लागतात, फक्त सुरुवात ७ पासून, आणि चौथ्यालाही याच. तिघं एकाच फेऱ्यावरचे प्रवासी. दुसरा कैदी गेला: २ मध्ये ९, ९ मध्ये ५, ५ मध्ये १०, १० मध्ये ३, ३ मध्ये २. पाचव्या पेटीत जेमतेम सापडला. २, ९, ५, १०, ३ हे पाच जण त्या फेऱ्यावर. उरल्या ६ आणि ८, तर ६ मध्ये ८ आणि ८ मध्ये ६. संपलं. सगळे सुटले. सगळ्या दहा पेट्या तीन फेऱ्यांत वाटल्या गेल्या आणि एकही फेरा पाचाहून लांब नव्हता.

पण फेरा दर वेळी सुरुवातीलाच का येऊन मिळतो? मध्येच कुठेतरी अडकून गरगरत का नाही बसत? म्हणजे समजा २ वरून ९, ९ वरून ५, आणि ५ मधून पुन्हा ९ कडेच पाठवलं तर? विचार केला आणि कपाळावर हात मारला. ५ मधून ९ निघायला ९ ची आणखी एक चिठ्ठी हवी. ९ ची एकुलती एक चिठ्ठी तर २ मध्ये सापडून गेलीय! कुठल्याही पेटीकडे बोट दाखवणारी चिठ्ठी एकच असते, त्यामुळे वाटेतल्या पेटीत परत शिरायला दारच नाही. शंभर पेट्या कधीतरी संपणारच, म्हणजे वाट कुठेतरी मिटलीच पाहिजे, आणि ती मिटू शकते ती फक्त जिथून निघालो त्याच पेटीपाशी. तिथे पाठवणारी चिठ्ठी कोणती? आपल्याच आकड्याची! म्हणजे कैदी चुकीच्या फेऱ्यावर कधीच नसतो. त्याची चिठ्ठी त्याच्या फेऱ्याच्या शेवटच्या पेटीत बसलेलीच आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की फेरा ५० पेट्यांत संपतो की नाही.

तरी शंभर पेट्यांवर विश्वास बसेना. भाचीनं लॅपटॉप उघडला आणि हे खरडलं:

```python
import random

def sutale():
    peti = list(range(100))
    random.shuffle(peti)
    for kaidi in range(100):
        n = kaidi
        for _ in range(50):
            n = peti[n]
            if n == kaidi:
                break
        else:
            return False
    return True

print(sum(sutale() for _ in range(10000)) / 10000)
```

दहा हजार तुरुंग, प्रत्येकात शंभर कैदी. बटण दाबलं की डोळ्याचं पातं लवतंय तोवर उत्तर. पुन्हा दाबलं, पुन्हा. दर वेळी ०.३१ च्या अलीकडेपलीकडे. मी तिच्या हातून लॅपटॉप ओढूनच घेतला.

आणि इथूनच माझी खरी झोप उडाली. कारण नीट बघितलं तर प्रत्येक कैद्याची स्वतःची शक्यता या युक्तीनं तसूभरही वाढलेली नाही! पन्नास पेट्या तो डोळे मिटून उघडो की आकड्यांच्या मागे जाऊन, त्याची चिठ्ठी त्यांच्यात असायची शक्यता निम्मीच. एकालाही कणभर जास्त काही मिळालेलं नाही, आणि सगळ्यांना मिळून मात्र अब्जावधी पटींनीही मोजता येऊ नये इतकं मिळालं. हे आलं कुठून?

आलं ते असं, की अपयशाची वाटणी बदलली. आंधळेपणानं उघडलं तर प्रत्येकाचं नशीब वेगळं वेगळं फिरतं, दर खेपेला सुमारे पन्नास जण हुकतात, आणि कुणीच हुकलं नाही असं होतच नाही. फेऱ्यांची युक्ती केली तर नशिबं एकमेकांना बांधली जातात. एकाच फेऱ्यावरचे सगळे एकत्र तरतात, एकत्र बुडतात. फेरा ५१ चा निघाला तर त्याच्यावरचे ५१ ही जण हुकणार, ८० चा निघाला तर ऐंशीच्या ऐंशी. ९९ जण पार झाले आणि बिचारा एकटा अडकला, हे दृश्य या खेळात दिसूच शकत नाही. हुकले तर कमीत कमी ५१, नाहीतर कुणीच नाही. सरासरीला अजूनही पन्नासच जण आपली चिठ्ठी शोधतात, पण ती सरासरी जुळते कशी बघा: जिंकल्या दिवशी शंभरही जण, हरल्या दिवशी सरासरी जेमतेम सत्तावीस. हरायचंच आहे तर दणकून हरा, एकाच्या चुकीलाही फाशी आणि त्र्याहत्तरांच्या चुकीलाही फाशीच. सगळी हार अशी एकाच बाजूला ढकलली की दुसऱ्या बाजूला जिंकायला जागा मोकळी होते.

हे बांधलेपण आकड्यात बघायचं तर पहिले दोन कैदी घ्या. पहिल्याची शक्यता ५० टक्के. तो आपली चिठ्ठी शोधून बाहेर आला असेल तर दुसऱ्याची शक्यता आता पन्नास राहत नाही, ती ७५ टक्क्यांच्या किंचित वर जाते. पहिल्याच्या यशानं मोठ्या फेऱ्याची भीती कमी केलेली असते, आणि शिवाय दुसरा त्याच्याच फेऱ्यावर असू शकतो. पुढे तर कहरच आहे. समजा ओळीनं पहिले ५० कैदी यशस्वी झाले. मग एक्कावन्नाव्यानं देवाचा धावा करायची गरज नाही, आत जाऊन निवांत पेट्या उघडाव्यात. कारण हार झाली तर किमान ५१ जण हुकले पाहिजेत, आणि हुकायला आता ५० च शिल्लक आहेत. पुढचे पन्नास जण नुसते हजेरी लावायला जातात! हे मला सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालायला लागलो.

राहिला प्रश्न नेमक्या एकतीसचा. पुस्तकी रीत आहे ती शंभर चिठ्ठ्यांच्या सगळ्या मांडण्या मोजायची, पण मला ज्या वाटेनं पटलं तीच सांगतो, तिच्यात गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही लागत नाही. सतरा नंबरचा कैदी घ्या. तो १७ ची पेटी उघडून निघाला. त्याची चिठ्ठी पहिल्याच पेटीत असायची शक्यता शंभरात एक. तिथे नसेल तर दुसऱ्या पेटीत उरलेल्या ९९ चिठ्ठ्यांपैकी कुठलीही असू शकते, म्हणजे शंभरातल्या ९९ चा नव्व्याण्णवावा भाग, पुन्हा शंभरात एकच. असंच पुढे. त्याचा फेरा १ चा असो, ५१ चा असो की पुरा १०० चा, प्रत्येक लांबीची शक्यता सारखी, एक टक्का.

आता ५१०० वेळा चिठ्ठ्या पिसून खेळ मांडला असं समजा. सतरा नंबरवाला त्यातल्या साधारण ५१ वेळा बरोबर ५१ लांबीच्या फेऱ्यावर सापडेल. प्रत्येक कैद्याचं तेच, म्हणजे शंभर जणांच्या मिळून ५१०० हजेऱ्या झाल्या. पण ही मंडळी सुटी सुटी येत नाहीत, वऱ्हाडासारखी येतात, एक आला की त्याच्याबरोबर अख्खे ५१. मग ५१०० हजेऱ्या लागायला वऱ्हाडं किती यावी लागली? फक्त शंभर. आणि एका खेळात ५१ ची दोन वऱ्हाडं मावत नाहीत, कारण दोन्ही मिळून १०२ होतील. म्हणजे ५१०० खेळांपैकी फक्त १०० खेळांत असा फेरा आला, एक्कावन्नात एकदा. तसाच ५२ चा फेरा बावन्नात एकदा, ५३ चा त्रेपन्नात एकदा, थेट १०० चा शंभरात एकदा. हरायच्या वाटा एवढ्याच, आणि त्यातल्या दोन एकदम घडत नाहीत, तेव्हा सरळ बेरीज करायची: १/५१ + १/५२ + … + १/१००. येते ०.६८८२ च्या जवळपास. एकातून वजा करा, ३१.१८ टक्के. कागदावर हे उतरलं आणि लॅपटॉपवरचा ०.३१ शेजारी पाहिला तेव्हा अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

कैदी हजार केले आणि पाचशे पेट्यांची परवानगी दिली तर? मला वाटलं, आता तरी आकडा कोसळेल. तो ३०.७४ टक्के येतो. दहा लाख कैदी आणि पाच लाख पेट्या, तरी ३०.६८ च्या खाली जात नाही. ती बेरीज दोनच्या नैसर्गिक लॉगॅरिदमपाशी, ०.६९३१ पाशी जाऊन थांबते आणि तिथून हलत नाही. अकरावीत हा लॉग दोन आम्ही तक्त्यातून नुसता उतरवून घ्यायचो. तो लाखो लोकांना फासावरून उतरवायला उपयोगी पडेल असं कुणी सांगितलं असतं तर जरा लक्ष तरी दिलं असतं.

हे कोडं जुनं, एखाद्या संस्कृत ग्रंथातलं वगैरे असेल असं मला उगाच वाटत होतं. ते निघालं २००३ सालचं. ॲना गाल आणि डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठातले पेटर ब्रो मिल्टरसन हे दोघं, संगणकात माहिती कमीत कमी जागेत कशी साठवावी यावर काम करत होते, आणि त्यांच्या शोधनिबंधातून हे बाहेर पडलं. मिल्टरसनना स्वतःला आधी वाटलं होतं की याला चांगला तोडगा नसणारच. त्यांचे सहकारी स्वेन स्क्यूम यांनी जेवणाच्या टेबलावर फेऱ्यांची युक्ती सुचवली. मला या गोष्टीनं फार बरं वाटलं. कोडं घालणाराच जिथे चकला तिथे आपण कोण?

याहून चांगली युक्ती असेल का, ही माझी पुढची खाज. नाही, हेही सिद्ध झालंय, २००६ मध्ये, यूजीन कर्टिन आणि मॅक्स वॉर्शॉअर यांच्याकडून. त्यांची कल्पना अशी: एक सोपा खेळ घ्या, ज्यात उघडलेली पेटी उघडीच राहते. पहिला कैदी आपली चिठ्ठी मिळेपर्यंत पेट्या उघडतो, मग ज्याची चिठ्ठी अजून उघड्यावर आलेली नाही अशा पुढच्या क्रमांकाच्या कैद्यानं आत जायचं, आणि कुणाही एकाला पन्नासाहून जास्त नव्या पेट्या उघडाव्या लागल्या की हार. इथे कुठल्याही क्रमानं उघडा, फरक पडत नाही, पिसलेल्या चिठ्ठ्या एकामागून एक बाहेर पडतात एवढंच, आणि जिंकायची शक्यता तीच ३१.१८. आता बंद पेट्यांच्या मूळ खेळात तुम्ही लढवाल ती कुठलीही शक्कल या सोप्या खेळात जशीच्या तशी वापरता येते, आणि तिथे ती वाईट ठरू शकत नाही. मग कठीण खेळात तिला सोप्याहून जास्त कसं मिळेल?

पण जेलर बदमाश असेल तर? चिठ्ठ्या पिसायच्याच नाहीत, १ मध्ये २, २ मध्ये ३, असं करत १०० मध्ये १ घालायची. सरळ शंभराचा एकच फेरा, सगळे हुकले, शंभर टक्के फाशी. त्यानं युक्ती ऐकली असेल तर तो हेच करणार. उपाय आहे, पण तो करताना घसरायला जागा आहेत. कैद्यांनी आधी १ ते १०० आकडे आपापसांत पिसून एक गुप्त यादी करायची आणि सगळ्यांनी ती पाठ करायची. यादीत १७ समोर ६२ असेल तर १७ नंबरवाला ६२ ची पेटी उघडून सुरुवात करतो. आत ३५ निघाला तर ३५ समोर यादीत जे असेल त्या पेटीकडे. चिठ्ठीवरचा आकडा मात्र जसा आहे तसाच वाचायचा. पेट्या आणि चिठ्ठ्या दोन्हींची नावं एकाच यादीनं बदलली तर नुसतं बारसं होतं, फेरे होते तेवढेच लांब राहतात. आणि "सगळ्यांनी सात मिळवा" असली आळशी यादीही चालत नाही. जेलरच्या १, २, ३ वाल्या डावात ती लावली की एकाऐवजी आठानं पुढे सरकत जाता आणि पंचवीस-पंचवीसचे चार फेरे मिळतात, वाचलात; पण सातऐवजी सहा मिळवले तर सातानं सरकता आणि शंभर पेट्या फिरूनच परत येता. यादी खरोखर पिसलेलीच हवी. तशी असली की जेलर काहीही मांडो, पुन्हा तेच ३१.१८.

आणि आता सगळ्यात गोड भाग. खेळाआधी कैद्यांच्या एका दोस्ताला खोलीत जाऊन सगळ्या पेट्या बघू द्या आणि फक्त दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करू द्या. शक्यता किती होते? शंभर टक्के! माझ्या काडेपेट्यांत मी हे उलटं करून पाहिलं. ४ मधला १ आणि ९ मधला ५ एकमेकांच्या जागी टाकले. लगेच तीनचा फेरा आणि पाचचा फेरा एकमेकांत मिसळले: १, ७, ४, ५, १०, ३, २, ९ आणि परत १. आठाचा अजस्र फेरा, आठ जण गारद, वाचले ते फक्त ६ आणि ८. वेगळ्या फेऱ्यांवरच्या दोन चिठ्ठ्या बदलल्या की फेरे जुळतात, एकाच फेऱ्यावरच्या बदलल्या की तो तुटून दोन होतात. तर या आठाच्या फेऱ्यात दोस्तानं ५ मधला १० आणि ९ मधला १ बदलायचे: १, ७, ४, ५ एकीकडे, १०, ३, २, ९ दुसरीकडे, चार-चार. शंभरात पन्नासाहून लांब फेरा असलाच तर एकच असू शकतो. दोस्तानं तो चालत जाऊन मोजायचा, निम्म्या अंतरावरच्या दोन पेट्या पकडायच्या, चिठ्ठ्या बदलायच्या. जेलरनं मुद्दाम घातलेला शंभराचा फेरा असेल तर १ ते १०० च्या त्या सरळ मांडणीत ५० मधला ५१ आणि १०० मधला १ एकमेकांच्या जागी गेले की झालं.